मृत्युपत्रात "उघड चूक" नसते

"अगं, भाव कळला की झालं, एवढं काय काना-मात्रा बघतेस!" हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कुणी म्हणू नये. निदान मृत्युपत्राच्या बाबतीत तरी.

झालं असं, की जानेवारी २०२५ मध्ये राजापेठेतल्या काकांनी मृत्युपत्राचा मसुदा माझ्या हातात दिला. मी बरीच वर्षं पुस्तकांची मुद्रितं तपासते, म्हणून काम एवढंच, की 'टायपिंगच्या चुका काढ'. (नात्यातली मंडळीही इथे डोकावतात, म्हणून आधीच सांगते, काकांना विचारूनच लिहितेय.)

घर काकांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. काकू गेल्या. दोन मुलगे, एक मुलगी. मसुद्यात तिघांपुढे १/४, १/४, १/४ असं टाइप केलेलं. बेरीज केली तर ३/४. उरलेला पाव हिस्सा कुणाचा? कुणाचाच नाही. शेजारी बसलेला दादा लगेच म्हणाला, "तिघं आहोत, तर १/३ पाहिजे. उघड चूक आहे, करून टाक." खरं सांगते, माझाही पेन तिकडे वळला होता. पुस्तकात मी ते केलंही असतं.

पण पेन खाली ठेवला आणि दादाला बाहेर जायला सांगितलं. ज्याला हिस्सा मिळायचा आहे त्याने मसुदा सुधारण्यात पुढाकार घेतला, की कोर्टाला संशय येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच वेंकटचल अय्यंगार खटल्यात ही गोष्ट मांडून ठेवली आहे. दादा रागावला. असो.

काकांना मी 'इथे १/३ हवं ना?' असं विचारलं नाही. तसं विचारलं की म्हातारी माणसं 'हो' म्हणून मोकळी होतात. मी विचारलं, "काका, घर कसं वाटायचं ठरवलंय?" काका म्हणाले, "पोरीले अर्धं. पोरांयले पाव पाव. तिनंच केलं ना तुह्या काकूचं सारं."

म्हणजे चुकलं होतं ते एकच ठिकाण. मुलीच्या १/२ चं १/४ झालं होतं. वरची ओळ कॉपी करून खाली चिकटवली की असं होतंच.

आता 'भाव कळला की झालं'वाल्यांनी नीट ऐकावं. दादाची दुरुस्ती केली असती, तर ताईला १/३ मिळालं असतं. चूक तशीच राहून सही झाली असती, तर उरलेला पाव हिस्सा मृत्युपत्राबाहेर राहिला असता, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो तिघांत सारखा वाटला गेला असता. प्रत्येकी १/१२. पाव अधिक एक-बारांश म्हणजे पुन्हा १/३! दोन्ही वाटांनी ताईचा सहावा हिस्सा गेला असता, आणि हिशेब इतका सरळ दिसला असता की कुणाला शंकाही आली नसती.

वकील मंडळी म्हणतील, कायदा चुका पोटात घालतो. नावाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम ७६ सांगतं, की माणूस कोण हे वर्णनावरून कळत असेल, तर नावातल्या चुकीने देणगी बुडत नाही. 'सुनीता'चं 'सुनिता' झालं म्हणून ताईचं काही जाणार नव्हतं. पण तिचं आधारवरचं नाव सासरचं, मसुद्यातलं माहेरचं. ही चूक नव्हेच. तिथे मी खोडाखोड न करता समासात '?' टाकलं, आणि काकांनी दोन्ही नावं लिहायला सांगितली. हिश्शाच्या आकड्याला मात्र असं काही वर्णन जोडलेलं नसतं. १/४ लिहिलं की १/४.

तारखेचंही तेच. जानेवारीत जुनं वर्ष टाइप होणं नेहमीचं. मसुद्यात 'जानेवारी २०२४' होतं. काकांचं आधीचं मृत्युपत्र जून २०२४ चं. शेवटचं मृत्युपत्र चालतं, म्हणजे कागदावर जुनंच नवं ठरून बसलं असतं, आणि खरी तारीख साक्षीदारांना उभं करून सिद्ध करावी लागली असती.

आणि सही झाल्यावर पेनने 'छोटीशी' दुरुस्ती? कलम ७१ प्रमाणे तिला काही अर्थ नाही. दुरुस्तीजवळ करणाऱ्याची आणि साक्षीदारांची पुन्हा सही हवी. म्हणून मी मसुद्यावर एक अक्षरही बदललं नाही. वेगळ्या कागदावर पान, ओळ आणि प्रश्न लिहिले. एकूण सात. उत्तरं काकांनी दिली, पानं नव्याने टाइप झाली, मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि मग दोन साक्षीदारांसमोर सही झाली.

दादा अजून म्हणतो, "टायपिंगचीच तर चूक होती."