गॅस साठला की तेल उसळलं? बोईसरच्या ट्रान्सफॉर्मरवरचे दोन इशारे

रात्री सव्वादोनला फोन वाजला. माझा मावसभाऊ तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल युनिटमध्ये इलेक्ट्रिशियन आहे. त्याने पॅनेलचा फोटो पाठवला होता आणि खाली एकच ओळ होती: "दादा, बुखोल्झचा दिवा लागलाय, पण लाईट चालू आहे. बंद करू का?"

बाहेरून प्रश्न सोपा वाटतो. पण त्याच्या रिॲक्टरमध्ये बॅच चालू होती. रिॲक्शन उष्णता सोडणारी असेल, तर ढवळणारा पंखा आणि थंड पाण्याचा पंप मध्येच थांबवणं धोक्याचं असतं. आणि खराब ट्रान्सफॉर्मर चालू ठेवणंही धोक्याचंच. उत्तर एका छोट्या डब्यात होतं, म्हणून आधी तो डबा समजून घेऊ.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर एक आडवा पिंप असतो, त्याला कॉन्झर्वेटर म्हणतात. तेल तापून फुगलं की ते त्या पिंपात चढतं, निवलं की खाली येतं. टाकी आणि पिंप यांना जोडणारा पाइप पिंपाकडे किंचित चढा ठेवतात, आणि त्या पाइपात मध्ये बसतो बुखोल्झ रिले. जर्मनीतल्या माक्स बुखोल्झ यांनी तो 1921 मध्ये शोधला. आत तेल भरलेलं असतं, त्यात वर एक तरंगता गोळा, खाली एक झडप आणि बाजूला खुणा असलेली काच. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार 1000 केव्हीए आणि त्याहून मोठ्या ट्रान्सफॉर्मरला असं संरक्षण लागतं. तुमच्या गल्लीतल्या खांबावरच्या डीपीला ते नसतं, कारण तो ट्रान्सफॉर्मर बराच लहान असतो.

आता पहिला इशारा. आत कुठे जोड ढिला होऊन तापला, इन्सुलेशनचा कागद करपू लागला किंवा बारीक ठिणग्या पडू लागल्या, की तेल आणि कागद तुटून वायू तयार होतात. त्यांचे बुडबुडे चढ्या पाइपातून पिंपाकडे निघतात आणि वाटेत रिलेच्या टोपीत अडकतात. जसजसा वायू साठतो तसतसं रिलेतलं तेल खाली सरकतं आणि त्याबरोबर वरचा गोळाही. रिलेच्या आकारानुसार साधारण शंभर ते तीनशे घनसेंटिमीटर वायू जमला की संपर्क जुळतो आणि अलार्म वाजतो. ब्रेकर उघडत नाही. म्हणजे काहीतरी हळूहळू घडतंय आणि तुमच्या हातात थोडा वेळ आहे.

दुसरा इशारा वेगळा. वाइंडिंगमध्ये जोरदार शॉर्ट झालं तर त्या जागचं तेल क्षणात वायू बनतं आणि टाकीतलं बाकी तेल पाइपातून वर ढकललं जातं. बुडबुडे साठायला उसंतच नसते. हा लोंढा सेकंदाला साधारण एक मीटरच्या आसपास गेला की खालची झडप कलते आणि ब्रेकर उघडतो. ही सर्ज ट्रिप. इथे विचार करायला वेळ नसतो, म्हणून यंत्रच निर्णय घेतं.

मावसभावाकडे पहिला प्रकार होता. मी त्याला विचारलं, "कॉन्झर्वेटरची तेलपातळी किती? खाली गळती दिसतेय का?" हे आधी विचारायचं कारण असं की तेल गळून पातळी उतरली तरीही वरचा गोळा पडतो आणि अलार्म येतो. गळती वाढत गेली तर खालचा भागही उतरतो आणि ट्रिपही होते. म्हणजे अलार्म आणि मागोमाग ट्रिप, पण टाकीत काहीच जळलेलं नाही, असंही असू शकतं. त्याची पातळी ठीक होती. मग सांगितलं, "ट्रान्सफॉर्मरवर चढू नकोस, वर एचटी चालू आहे. आधी लोड कमी कर."

त्यांनी डीजी सेट चालू करून रिॲक्टरचा पंखा आणि थंड पाण्याचा पंप त्यावर घेतला आणि बाकीचा लोड काढला. मग शिफ्ट इंजिनीअरच्या परमिटवर ट्रान्सफॉर्मर बंद करून दोन्ही बाजूंना अर्थिंग लावलं. अलार्मने दिलेला वेळ असा वापरायचा असतो. तीच घटना सर्ज ट्रिप असती, तर पंखा आधी थांबला असता आणि डीजी नंतर चालू झाला असता.

काचेत सुमारे 200 घनसेंटिमीटर वायू दिसत होता, म्हणजे एक मोठा कप. तो रंगहीन आणि वास नसलेला होता. जुने लोक सांगतात की वायू पांढरट असेल तर कागद, पिवळसर असेल तर लाकूड आणि काळसर असेल तर तेल जळालेलं असतं. पण रंगावर विसंबू नका, आणि काडी लावून तर अजिबात बघू नका, कारण त्यात हायड्रोजन असू शकतो. त्यांनी वायूचा आणि तेलाचा नमुना सिरिंजमध्ये घेऊन प्रयोगशाळेत पाठवला. ॲसिटिलीन मिळाला तर आर्किंग, इथिलीन जास्त असेल तर तेल खूप तापलंय, आणि कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर कागदाकडे बोट जातं.

त्यांच्या नमुन्यात जवळजवळ सगळी हवाच निघाली. चौकशीत कळलं की चार दिवसांपूर्वी तेल फिल्टर केलं होतं आणि नंतर वरच्या कॉकमधून हवा नीट काढली नव्हती. हवा काढून ट्रान्सफॉर्मर चालू केला, पण रिले तपासत राहिले. पुन्हा तेवढीच हवा जमायला सहा दिवस लागले, आणि त्यानंतर जमलीच नाही. हे अंतर वाढत जाणं चांगलं लक्षण. तेच अंतर दोन दिवस, मग एक दिवस, मग काही तास असं कमी होत गेलं असतं, तर दोष वाढतोय असं धरून ट्रान्सफॉर्मर उघडायला पाठवावा लागला असता.

सर्ज ट्रिप झाल्यावर मात्र "एकदा लावून बघू" हा मोह मोडायचाच. आधी डिफरन्शियल रिले त्याच क्षणी चालला का ते बघा. दोन्ही चालले असतील तर दोष आतच आहे असं धरा. एकटा बुखोल्झ चालला असेल, तर त्याच सेकंदाला बाहेरच्या फीडरवर मोठं शॉर्ट झालं होतं का ते तपासा. त्या झटक्याने वाइंडिंग हलून तेल उसळू शकतं. पण तसं असलं तरी वाइंडिंगला मार बसलेला असू शकतो, म्हणून इन्सुलेशन, वाइंडिंगचा रोध, रेशो आणि तेलातले वायू तपासल्याशिवाय परत चार्ज करत नाहीत.

पालघर जिल्ह्यात आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे छोटे धक्के जाणवत आलेत. पाऱ्याचा स्विच असलेला जुना रिले हादऱ्यानेही चालू शकतो. ट्रिप झाली, काचेत वायू नाही, बाहेर शॉर्ट नाही, तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर धक्क्याची वेळ बघा आणि पॅनेलवरच्या वेळेशी जुळवा. जुळली तरी चाचण्या टाळायच्या नाहीत, फक्त कारणांच्या यादीत हे एक वाढतं.

पुढच्या वेळी कुणी "ट्रान्सफॉर्मरचा गॅस आला" असा मेसेज टाकला, तर उलट एवढंच विचारा: अलार्म आला की ट्रिप झाली, आणि काचेत काय दिसतंय? पुढचं काम या दोन उत्तरांवर ठरतं.