सरकारचं कर्ज म्हणजे उद्याचा कर? लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांचा हिशोब

अमरावती/अकोला : लाडकी बहीण योजनेसाठी राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवले. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली. म्हणजे रोजच्या खर्चासाठीही सरकार कर्ज काढणार. मार्च २०२६ पर्यंत राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा अंदाज होता.

हे फेडणार कोण? काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, कर्ज म्हणजे पुढं ढकललेला करच. आज वसूल करा की उद्या, फरक पडत नाही. ही मांडणी १८२० मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड रिकार्डो यांनी केली आणि १९७४ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट बॅरो यांनी ती पुन्हा पुढं आणली.

हिशोब साधा आहे. दर्यापूर तालुक्यातल्या एका बहिणीला वर्षाला १८ हजार मिळाले. ते सरकारने ७ टक्के व्याजाने काढले असं धरू. दहा वर्षांनी व्याजासह साधारण ३५,४०० रुपये होतात आणि सरकार तेवढा कर तिच्याच घराकडून घेतं. हे ओळखून तिने १८ हजार त्याच ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले, तर तिच्याकडेही ३५,४०० जमतात. ते करात गेले की हाती शून्य. ना बाजारात जास्त पैसा आला, ना ती श्रीमंत झाली.

पण वऱ्हाडात हा हिशोब तीन ठिकाणी अडतो.

एक, पैसा बँकेत राहतच नाही. पेरणीच्या तोंडावर तो बियाण्यात जातो. समजा त्या घरावर बचत गटाचं किंवा फायनान्सचं २४ टक्क्यांचं कर्ज आहे. १८ हजार त्यात भरले तर वर्षाचं ४,३२० रुपये व्याज वाचतं. सरकारला त्याच रकमेवर व्याज पडतं १,२६० रुपये. म्हणजे बहिणीला सरकारच्या दरानं स्वस्त कर्ज मिळालं, फरक पडलाच.

दोन, घेणारा आणि फेडणारा एकच नसतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण ट्रॅक्टरच्या डिझेलवर राज्याचा व्हॅट आहे. ज्या घरात योजनेचा एक रुपया आला नाही, तेही तो भरतं.

तीन, उद्याचा कर आज कोणी मोजत नाही. खुद्द रिकार्डोंनीच हे लिहून ठेवलं होतं : कर्ज काढलं की लोकांना आपण आहोत त्यापेक्षा श्रीमंत वाटतो. म्हणून ते सरकारी कर्जाच्या विरोधात होते.

कर्ज कालव्यात गेलं तर ओलीत वाढून फेडीचा पैसा त्यातूनच उभा राहू शकतो. रोजच्या खर्चात गेलं तर उरते ती फक्त फेड. त्यामुळे पुढच्या अर्थसंकल्पात घोषणांच्या आधी महसुली तुटीचा आकडा पाहावा. तो जेवढा मोठा, तेवढा उद्याचा कर आजच खाल्ला गेला असं समजावं.