एल निनो आणि इटियाडोह परिसरातील पाऊस

इटियाडोह हे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गाढवी नदीवरील धरण आहे. १९७० साली पूर्ण झालेल्या या मातीच्या धरणावर परिसरातील धानशेती अवलंबून आहे. येथील पाऊस मुख्यत्वे बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. तथापि ही क्षेत्रे किती येतील व पश्चिमेकडे किती आत सरकतील, यावर हजारो किलोमीटर दूर असलेल्या प्रशांत महासागराच्या तापमानाचाही प्रभाव असतो. विषुववृत्तालगतच्या मध्य व पूर्व प्रशांत महासागराचे पाणी दर दोन ते सात वर्षांनी सरासरीपेक्षा अधिक तापते. या घटनेस एल निनो असे म्हणतात. एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडणारच, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. पाणी किती तापले याबरोबरच ते नेमके कोठे तापले, हेही पाहावे लागते.

घटनेचे स्वरूप

एरवी विषुववृत्तावर पूर्वेकडून पश्चिमेकडे व्यापारी वारे वाहतात. ते पृष्ठभागावरील उष्ण पाणी इंडोनेशियाच्या दिशेने लोटतात. त्यामुळे तेथील समुद्रपातळी पेरूच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते आणि पेरूजवळ खालचे थंड पाणी वर येते. पश्चिमेकडील उष्ण पाण्यावर हवा वर चढते, ढग बनतात, पाऊस पडतो. तीच हवा उंचावरून पूर्वेकडे जाऊन पेरूच्या बाजूस खाली उतरते. या अभिसरणास सर गिल्बर्ट वॉकर यांचे नाव दिलेले आहे. वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. १८९९ च्या दुष्काळानंतर मोसमी पावसाचे भाकीत करण्याची निकड वाढली होती. त्या शोधात त्यांना प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुदाबाचा झोका आढळला. त्याचा समुद्राच्या तापमानाशी असलेला संबंध मात्र १९६९ मध्ये याकोब ब्येर्कनेस यांनी स्पष्ट केला.

व्यापारी वारे मंदावले की पश्चिमेस साठलेले उष्ण पाणी पूर्वेकडे पसरते व ढगांचे केंद्रही त्याच्यासोबत सरकते. हवा जेथे वर चढते त्याच्या दोन्ही बाजूंस ती खाली उतरते. खाली उतरणारी हवा ढगांची वाढ रोखते.

मध्य प्रशांत आणि पूर्व प्रशांत

खाली उतरणाऱ्या हवेची जागा महत्त्वाची ठरते. समुद्राचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर त्यावर उंच ढग सहज तयार होतात. मध्य प्रशांत मुळातच या मर्यादेच्या जवळ असतो, म्हणून तेथे एका अंशाची वाढही पुरेशी होते. पूर्वेकडील पाणी मुळात थंड असल्याने तेथे मोठी वाढ झाली तरी परिणामाचे केंद्र दूरच राहते. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे के. कृष्ण कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हा मुद्दा मांडला. मध्य प्रशांत अधिक तापलेल्या वर्षी हवा भारतावर खाली उतरते आणि दुष्काळाची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले. अशा घटनेस 'एल निनो मोदोकी' असेही नाव आहे. 'मोदोकी' हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ 'तसेच दिसणारे, पण वेगळे' असा होतो.

१९९७ आणि २००२ ही दोन वर्षे शेजारी ठेवली की हा फरक स्पष्ट दिसतो. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील सर्वांत तीव्र घटनांपैकी एक होता. पूर्व प्रशांताचे तापमान सरासरीपेक्षा तीन अंशांहून अधिक वाढले होते. तरीही भारतातील जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा अधिक उष्ण होता व त्याचाही हातभार लागला असे मानले जाते. २००२ चा एल निनो त्या मानाने सौम्य होता, परंतु उष्णता मध्य भागात केंद्रित होती. त्या वर्षी हवामान खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पावसाचे भाकीत केले होते, प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस झाला. एकट्या जुलै महिन्यात देशभरात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस पडला. २००९ मध्येही उष्णता मध्य भागातच अधिक होती व पाऊस ७८ टक्क्यांवर थांबला.

धानशेतीवरील परिणाम

हंगामाची टक्केवारी शेतकऱ्यास फारसे काही सांगत नाही. इटियाडोह परिसरात नर्सरीतील पऱ्हे साधारण तीन ते चार आठवड्यांचे झाले की रोवणी करावी लागते व त्यासाठी बांधीत पाणी साचलेले असावे लागते. जुलैमध्ये खंड पडल्यास पऱ्हे जून होतात आणि पुढे पाऊस आला तरी फुटवे कमी येतात. ऑगस्टमधील खंड रोवलेल्या धानास फुटवे येण्याच्या काळात गाठतो. सप्टेंबरअखेरची ओढ भारी धान निसवण्याच्या वेळी पडते व दाणा पोचट राहतो. म्हणून ज्या वर्षी एकूण पाऊस पुरेसा नोंदवला गेला, त्या वर्षीही पीक बुडू शकते.

कालव्याखालील शेतांना धरणाचे पाणी अशा खंडात तारून नेते. परंतु खरिपात पाणी अधिक सोडले गेले, किंवा हंगामाच्या अखेरीस जलाशय भरला नाही, तर पुढील उन्हाळी धानाला पाणी उरत नाही. म्हणजे एल निनोचा फटका येथे काही महिन्यांनी, आकाश निरभ्र असतानाही बसू शकतो. कालव्याबाहेरील गावे जुन्या मालगुजारी तलावांवर विसंबून असतात. हे तलाव आपल्या लहानशा पाणलोटातील पावसानेच भरतात, गाळाने उथळ झालेले असतील तर त्यांचा आधार थोड्याच दिवसांचा ठरतो.

२०२३-२४ मधील घटना

जून २०२३ मध्ये सुरू झालेला एल निनो हिवाळ्यात शिखरावर पोहोचला व २०२४ च्या उन्हाळ्यात ओसरला. २०२३ च्या मोसमात देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. हा आकडा दिलासादायक वाटत असला तरी जुलै व सप्टेंबरमध्ये सरासरीहून अधिक आणि ऑगस्टमध्ये केवळ ६४ टक्के पाऊस होता. १९०१ पासूनच्या नोंदीत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही.

जागतिक तापमानावरील परिणाम मात्र याहून सावकाश होतो. समुद्रात साठलेली उष्णता वातावरणात येण्यास काही महिने लागतात, त्यामुळे एल निनो सुरू झालेल्या वर्षापेक्षा पुढचे वर्ष सहसा अधिक तापते. १९९८, २०१६ व २०२४ ही तत्कालीन विक्रमी उष्ण वर्षे अशीच आली. जागतिक हवामान संघटनेनुसार २०२४ चे सरासरी तापमान औद्योगिकपूर्व काळापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. त्यातील एल निनोचा वाटा एका अंशाच्या काही दशांशांहून मोठा नाही. उरलेली वाढ हरितगृह वायूंमुळे झालेली आहे. त्याच २०२४ मध्ये भारतात मोसमी पाऊस सरासरीच्या १०८ टक्के झाला. पृथ्वी अधिक तापली म्हणून त्या वर्षी पाऊस घटेल, असा तर्क वृत्तपत्रांतून अनेकदा केला जातो. २०२४ ने तो खोटा ठरवला.

भाकिताच्या मर्यादा

मार्च ते मे या काळात प्रशांत महासागराची स्थिती बदलती असते. त्या वेळी केलेली एल निनोची भाकिते वर्षातील इतर काळाच्या तुलनेत कमी विश्वासार्ह ठरतात. नेमका हाच काळ बियाणे व कर्जाची जुळवाजुळव करण्याचा असतो. जूनअखेर चित्र स्पष्ट होते, तोवर पऱ्हे टाकून झालेले असतात. जलाशयाचे नियोजन करणाऱ्यांस मात्र ऑगस्टमध्येही ही माहिती उपयोगी पडते, कारण उष्णता मध्य भागात आहे की पूर्वेस, हे तोपर्यंत कळलेले असते आणि उन्हाळी धानासाठी किती पाणी राखावयाचे याचा निर्णय व्हावयाचा असतो.