बीटी कापसाच्या पेटंटमधला ‘विच’ नेमका कुणाला चिकटतो?

वसई तालुक्यातल्या नंदाखालमधली एक वाडी डोळ्यांसमोर आणा. वाडीत विहीर, विहिरीवर पंप. आता कुणी इंग्रजीत लिहिलं की वाडीतल्या विहिरीवर पंप आहे, ‘विच इज ओल्ड’, तर जुनं नेमकं काय? पंप, विहीर की वाडी?

इंग्रजी वाक्य ते सांगत नाही. ‘विच’ला लिंग नाही, त्यामुळे तो तिघांपैकी कुणालाही चिकटू शकतो. मराठीत मात्र लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं. ‘जो जुना आहे’ म्हटलं की पंप. ‘जी जुनी आहे’ म्हटलं की पंप बाद, पण विहीर की वाडी हा घोळ उरतोच, कारण दोन्ही स्त्रीलिंगी.

पंपाच्या बाबतीत एवढ्यानं फार बिघडत नाही. पेटंटमध्ये बिघडतं. पेटंटच्या कागदपत्रांच्या शेवटी ‘क्लेम’ म्हणजे दावे असतात आणि मालकाचा हक्क कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे त्यावरून ठरतं. प्रत्येक दावा एकाच वाक्यात लिहायची जुनी पद्धत आहे. मग ते वाक्य अर्धं पान झालं तरी चालतं. भारतात पेटंटची कागदपत्रं इंग्रजी किंवा हिंदीत दाखल होतात, मराठीत नाही. म्हणजे एखादं पेटंट विदर्भातल्या शेतकऱ्याच्या बियाण्याशी थेट जोडलेलं असलं, तरी ते त्याच्यापर्यंत पोचतं ते कुणाच्या तरी भाषांतरातून.

दावा क्रमांक २५

नंदाखालच्या केळी-भाजीच्या पट्ट्यात कापूस नाही, पण उरलेल्या महाराष्ट्रात त्याच्याइतकी गाजलेली पेटंटची लढाई दुसरी नाही. मोन्सँटो कंपनीच्या भारतीय पेटंट क्रमांक २१४४३६ वरून नुझिवीडू सीड्स या हैदराबादच्या बियाणं कंपनीशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पेटंट होतं बोलगार्ड-२ कापसातल्या ‘क्राय-२-एबी’ या बोंडअळीविरोधी प्रथिनाशी संबंधित.

भांडणाच्या मध्यभागी होते २५ ते २७ क्रमांकाचे दावे. कारण आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(जे) सांगतं की वनस्पती, बियाणं, वाण यांवर पेटंट मिळत नाही. मग या दाव्यांत मागितलंय काय? प्रयोगशाळेत जोडलेला जनुकीय तुकडा, की तो तुकडा अंगात घेतलेलं रोप?

दावा २५ मधली वस्तू अशी आहे. सुरुवातीला प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा भाग. त्याला जोडलेला पहिला पॉलीन्यूक्लिओटाइड क्रम, सोप्या भाषेत डीएनएचा तुकडा. त्यात एका पेप्टाइडची कृती लिहिलेली असते. हे पेप्टाइड पत्त्याच्या चिठ्ठीसारखं काम करतं आणि प्रथिनाला पेशीतल्या हरितलवकासारख्या कप्प्यात पोचवतं. मग दुसरा क्रम. त्यात क्राय-२-एबी प्रथिनाची कृती.

इंग्रजी वाक्यात पहिल्या क्रमाचं वर्णन ‘पेप्टाइड’ या शब्दावर संपतं, स्वल्पविराम येतो आणि लगेच ‘विच इज लिंक्ड इन फ्रेम’ सुरू होतं. शब्दांच्या ओळीत ‘विच’च्या सगळ्यात जवळ पेप्टाइड आहे. घाईत मराठी होतं ते असं:

‘…पेप्टाइडची कृती असलेला पहिला क्रम, जे दुसऱ्या क्रमाशी चौकटीत जोडलेले आहे…’

वाचायला ठीक वाटतं, पण ‘जे’ नपुंसकलिंगी आहे. क्रम पुल्लिंगी, पेप्टाइड नपुंसकलिंगी. म्हणजे या वाक्यानुसार पेप्टाइड डीएनएला जोडलं गेलं, आणि ते चूक आहे. चूक पकडायला व्याकरण पुरत नाही, जीवशास्त्र लागतं. डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटात वाचली जातात. दोन तुकडे जोडताना हे गट सरकता कामा नयेत, यालाच ‘इन फ्रेम’ म्हणतात. ही अट दोन डीएनए तुकड्यांच्या जोडालाच लागू पडते. म्हणून इथे ‘विच’ म्हणजे पहिला क्रम, आणि मराठीत ‘जो’.

पण नुसतं ‘जो’ लिहूनही भागत नाही, कारण प्रमोटरही पुल्लिंगी. विहीर-वाडीसारखीच अडचण. उपाय थोडा कंटाळवाणा आहे, तरी खात्रीचा: सर्वनाम टाळायचं आणि नाम पुन्हा लिहायचं.

‘एक न्यूक्लिक आम्ल क्रम, ज्यात एक प्रमोटर समाविष्ट आहे, सदर प्रमोटर एका पहिल्या क्रमाशी, त्याचे कार्य घडवेल अशा रीतीने, जोडलेला आहे, सदर पहिल्या क्रमात प्लास्टिडकडे नेणाऱ्या पेप्टाइडची कृती आहे, सदर पहिला क्रम एका दुसऱ्या क्रमाशी वाचनचौकट न मोडता जोडलेला आहे, सदर दुसऱ्या क्रमात क्राय-२-एबी प्रथिनाची कृती आहे…’

यात ‘एक’ आणि ‘सदर’ उगाच आलेले नाहीत. इंग्रजीत ‘अ’ म्हणजे वस्तू पहिल्यांदा आली आणि ‘सेड’ म्हणजे तीच मघाची वस्तू. मराठीत असे उपपद नसल्यामुळे ‘एक’ गाळला की वस्तू नवी की जुनी, हे कळेनासं होतं.

रोप कुठून आलं?

खरी जोखीम पुढच्या भागात आहे. तिथे ‘व्हेअरइन’ने सुरू होणारं कलम सांगतं की वनस्पती पेशीनं हा क्रम व्यक्त केल्यावर एक जोडप्रथिन तयार होतं. त्यात पेप्टाइड आणि विषारी प्रथिन एकमेकांना जोडलेले असतात. (इथला जोड प्रथिनांचा आहे, मघाचा डीएनएचा होता. इंग्रजीत दोन्हीकडे ‘लिंक्ड’च.)

मराठीला विशेषण नामाच्या आधी ठेवायची सवय. त्यामुळे भाषांतरकार सहज लिहून जातो: ‘ज्या वनस्पती पेशीत हा क्रम व्यक्त होऊन जोडप्रथिन तयार होते, ती पेशी…’ झालं. वाक्याचा नायक बदलला. दावा क्रमावर होता, तो पेशीवर गेला. हे वाचणाऱ्या शेतकऱ्याला वाटणार की कंपनीनं रोपच पेटंट केलंय. नीट मांडणी अशी: ‘सदर न्यूक्लिक आम्ल क्रम वनस्पती पेशीने व्यक्त केला असता…’ पेशी प्रसंगापुरती येते, क्रम कर्त्याच्या जागेशी बांधलेला राहतो.

दाव्याची व्याप्ती किती, यावर न्यायालयांतही एकमत नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं एप्रिल २०१८ मध्ये कलम ३(जे) लावून हे दावे बाद ठरवले. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. इतका गुंतागुंतीचा प्रश्न साक्षीपुरावे आणि तज्ज्ञांना न ऐकता निकाली काढता येणार नाही, असं म्हणत प्रकरण पुन्हा एकल न्यायाधीशांकडे पाठवलं.

भाषांतर तपासायचं कसं?

इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला फक्त मराठी मजकूर द्यायचा आणि चौकोन-बाणांचं चित्र काढायला सांगायचं: कोणता घटक कशाला जोडलाय, कोणता भाग कशाची कृती वाहतो. दुसऱ्या कुणी इंग्रजीवरून तसंच चित्र काढायचं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की चुकलेला बाण लगेच दिसतो. दावा २५ मध्ये पेप्टाइडपासून दुसऱ्या डीएनए तुकड्याकडे बाण गेला, तर ‘जे’ची चूक झालीये.

कधी दोन्ही चित्रं जुळत नाहीत, कारण मूळ इंग्रजीच दोन्ही अर्थांनी वाचता येतं. अशा वेळी भाषांतरकारानं गुपचूप एक अर्थ निवडू नये. मराठीचं लिंग त्याला निवडायला भाग पाडणार, म्हणून मजकुरात एक वाचन ठेवावं आणि तळटीपेत दुसरं द्यावं. यातलं कोणतं बरोबर, हे ठरवायचं काम न्यायालयाचं.