वार्षिक टोल पास घेण्याआधी नाके मोजा

फास्टॅगचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाला आणि तेव्हापासून अनेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : पास घ्यावा की दर वेळी टोल भरत राहावे? आमचे उत्तर असे की, घरातला हिशेब मांडल्याशिवाय कुणीही हो किंवा नाही म्हणू नये.

पास सुरू झाला तेव्हा त्याची किंमत 3,000 रुपये होती. त्यात एक वर्ष किंवा 200 फेऱ्या मिळतात, यांतले जे आधी संपेल ते. मात्र इथे ‘फेरी’ हा शब्द फसवा आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या महामार्गांवर एक नाका एकदा ओलांडला की एक फेरी धरली जाते. त्यामुळे वाटेत तीन नाके असतील तर जाताना तीन आणि येताना तीन, अशा सहा फेऱ्या एका भेटीत खर्च होतात.

पुण्यात राहणारे एक कुटुंब घ्या. मुलांची नानी कराडला आहे आणि महिन्यातून एकदा तिच्याकडे जाणे होते. वाटेत खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे हे तीन नाके लागतात. समजा, तिन्ही मिळून एका बाजूचे 270 रुपये कापले जातात. दोन दिवस मुक्काम करून परतले तर एका भेटीचे 540 रुपये झाले. 3,000 ला 540 ने भागले की साडेपाच येतात, म्हणजे सहाव्या भेटीला पासची किंमत वसूल होते. बारा भेटींचा सुटा टोल 6,480 रुपये होईल. पासवर 72 फेऱ्या खर्च होतील आणि 3,480 रुपये वाचतील.

हेच कुटुंब सकाळी जाऊन रात्री परतत असेल तर हिशेब बदलतो. 24 तासांच्या आत परतीला सवलत असते. दोन्ही बाजूंचे मिळून एका बाजूच्या दीडपट, म्हणजे 405 रुपयेच कापले जातात. मग पास वसूल व्हायला आठ भेटी लागतात. आणि जे फक्त दोन ईद आणि एखाद्या लग्नाला गावी जातात, त्यांचा वर्षाचा टोल 1,620 रुपयांवरच थांबतो. त्यांनी पास घेऊ नये. न वापरलेल्या फेऱ्या पुढच्या वर्षी मिळत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

म्हणून फास्टॅगच्या खात्यातून मागच्या वर्षभराची नोंद काढा. त्यातले फक्त राष्ट्रीय महामार्गांचे आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांचे नाके वेगळे करा आणि प्रत्यक्ष कापलेल्या रकमेची बेरीज पासच्या चालू किमतीशी ताडून पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या अखत्यारीत आहेत. तिथे पास चालत नाही, नेहमीसारखेच पैसे कापले जातात. त्यामुळे पास घेतला तरी फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवावीच लागते. आपल्या वाटेवरचा नाका पासमध्ये बसतो का, हे ‘राजमार्गयात्रा’ अॅपवर आधी पाहून घ्या.

नाक्याजवळ राहून रोज कामाला जाणाऱ्यांनी आणखी एक तुलना करावी. रोज जाऊन-येऊन दोन फेऱ्या धरल्या तर 200 फेऱ्या शंभर दिवसांत संपतात. पास पुन्हा घेता येतो, पण वर्षाला 500 फेऱ्या असतील तर तीन पास, म्हणजे 9,000 रुपये लागतील. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला स्थानिक मासिक पास मिळतो. तो 350 रुपयांच्या आसपास धरला तर वर्षाचे 4,200 होतात. तो एकाच नाक्याचा असला तरी रोजच्या वाटेवर तोच एक नाका असेल, तर तोच स्वस्त.

पास फक्त खासगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाडीला तो मिळत नाही. तो गाडीला जोडलेला असतो, कुटुंबाला नाही. त्यामुळे भावाच्या गाडीत गेलात तर तुमचा पास कामाला येत नाही. फास्टॅग फक्त चेसिस क्रमांकावर नोंदलेला असेल तर आधी त्यावर गाडीचा नोंदणी क्रमांक टाकून घ्यावा लागतो. पास ‘राजमार्गयात्रा’ अॅपवरून किंवा महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात, फास्टॅगमधली शिल्लक त्यासाठी चालत नाही.

वर्ष पास सुरू झालेल्या दिवसापासून मोजले जाते. तेव्हा महिनाभर कुठे जाणार नसाल तर आज घाई करू नका, पहिल्या प्रवासाच्या आदल्या दिवशी घ्या. पहिला नाका ओलांडल्यावर मोबाइलवर आलेला संदेश वाचा. पास लागू असलेल्या नाक्यावर पैसे कापले गेले असतील, तर 1033 वर त्याच दिवशी तक्रार नोंदवा.