लेख घासावा किती?

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिक अंकासाठी लेख लिहिताना कच्ची प्रत आणि पक्की प्रत यांच्या दरम्यान एक चमत्कारिक गोष्ट घडते. कच्च्या प्रतीत चुका असतात, पण लिहिणाराही असतो. पक्क्या प्रतीतून चुका जातात आणि पुष्कळदा त्यांच्याबरोबर लिहिणाराही जातो. उरतो तो कोणीही लिहिला असता असा मजकूर. हे का होते आणि ते कसे टाळावे, याविषयी मला थोडे लिहायचे आहे.

आपल्या भिवंडीतलेच उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थ्याने कच्च्या प्रतीत असे लिहिले आहे :

"आमच्या आळीत रात्री लाईट गेली की माणसे उठतात कारण माग बंद पडतात आणि शांत होते आणि त्या शांततेने झोप मोडते आणि मग सगळे ओट्यावर येवून बसतात आणि काका म्हणतात की आता कापडावर पट्टी पडनार."

हाच मजकूर सुधारण्याच्या भरात असा होतो :

"वस्त्रनगरी म्हणून सुपरिचित असलेल्या आमच्या शहरात यंत्रमागांचा अखंड निनाद हा जनजीवनाचा अविभाज्य भाग बनला आहे. रात्रीच्या समयी विद्युतपुरवठा खंडित होताच सर्वत्र नीरव शांतता पसरते व नागरिकांचा निद्राभंग होतो."

दुसऱ्या उताऱ्यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण काय काय हरवले ते पाहा. आळी गेली, ओटा गेला, काका गेले. 'माणसे' होती त्यांचे 'नागरिक' झाले. मुख्य म्हणजे पट्टी गेली. माग मध्येच थांबून पुन्हा सुरू झाला की त्या जागी बाण्याचे धागे दाट किंवा विरळ बसतात आणि कापडावर आडवी रेघ उमटते. असे कापड खराब म्हणून काढले जाते. अंधारात ओट्यावर बसलेल्या माणसाच्या मनात त्या वेळी हीच काळजी असते. म्हणजे गेली ती केवळ बोलण्याची ढब नव्हे, गेली ती माहिती. बाहेरच्या माणसाला मागाचा आवाज झोपमोड करणारा वाटतो. इथे आवाज थांबल्याने झोप मोडते. ही गोष्ट इथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि 'नीरव शांतता' हे शब्द आले की ती जगातल्या कोणत्याही शांततेसारखी होऊन जाते.

हे तयार शब्द येतात कोठून? शाळेत असताना निबंधाच्या गाईडांतून ते आपल्या वहीत आले. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' असे लिहिले की निबंध सुरू होई आणि 'काळाची गरज आहे' असे लिहिले की तो संपे. आता कच्चा मजकूर मोबाइलमध्ये घातला की क्षणात सुबक करून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांचे काम पुष्कळसे गाईडासारखेच चालते. अफाट लिखाणाच्या आधारे, या ठिकाणी कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब करून ते शब्द पुढे करतात. म्हणून त्यांनी दिलेले वाक्य चुकीचे वाटत नाही; ते ओळखीचे वाटते. पण 'पट्टी' हा शब्द बहुतेकांच्या लिखाणात येणारच नाही, आणि आपण तो आधी लिहिलेला असला तरी सफाईच्या ओघात तो गळून पडण्याचा धोका असतो.

यावर कोणी म्हणेल, साधे लिहितात ते भारदस्त लिहिता येत नाही म्हणून. याला लक्ष्मीबाई टिळकांचे उत्तर पुरेसे आहे. त्यांना शाळा मिळाली नाही; अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. तरी रेव्हरंड टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. म्हणजे गंभीर, ग्रंथाला शोभेल अशी भाषा त्यांना साधत होती. पण 1934 पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली, ती मात्र घरात बसून सांगाव्या तशा भाषेत. तो त्यांचा नाइलाज नव्हता, ती निवड होती.

दुसरे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने आल्या. चिरंजीव सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. 'मानूस'चे 'माणूस' आणि 'माले'चे 'मला' करणे त्यांना काय अवघड होते? पण पुस्तकात खानदेशातली बोली राहिली. 'माले' बदलून 'मला' केले असते तर ती बोलणारी बाई पुस्तकातून निघून गेली असती.

मात्र याचा अर्थ 'माझी शैली' म्हणून सगळ्या चुका तशाच ठेवाव्यात असा नव्हे. वरच्या कच्च्या मजकुरात 'येवून' आहे, ते 'येऊन' असेच हवे. त्यात कोणाचा आवाज नाही. वाक्य एका दमात आठ क्रियापदे ओढते, तेही तोडायला हवे. पण 'पडनार'चे काय? लेखकाच्या निवेदनात तो शब्द आला तर 'पडणार' करावा. काकांच्या तोंडी आला तर अवतरणात घालून तसाच ठेवावा, कारण काका तसेच म्हणतात. एकच अक्षर, पण कोणाच्या तोंडी आहे त्यावर निर्णय बदलतो. अशा रीतीने सुधारलेला मजकूर असा होईल :

"आमच्या आळीत रात्री लाईट गेली की माणसे उठतात. माग बंद पडतात आणि त्या शांततेने झोप मोडते. मग सगळे ओट्यावर येऊन बसतात. काका म्हणतात, 'आता कापडावर पट्टी पडनार.'"

चार 'आणि'पैकी एकच उरला. 'लाईट'चा 'विद्युतपुरवठा' केला नाही, कारण त्याने अर्थात काहीच भर पडत नव्हती. पट्टी म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकासाठी पुढच्या एका वाक्यात सांगता येईल. त्यासाठी शब्द बदलण्याचे कारण नाही.

माझी रीत अशी. कच्ची प्रत जपून ठेवावी. पहिल्या वाचनात फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि शुद्धलेखन पाहावे, एकही शब्द बदलू नये. दुसऱ्या वाचनात लेख मोठ्याने वाचावा. जिथे दम लागतो किंवा कोण कोणाला म्हणाले ते कळत नाही, तिथे वाक्य तोडावे. त्यानंतरच शब्दांना हात लावावा, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी विचारावे : नवा शब्द जुन्यापेक्षा जास्त काही सांगतो का? फक्त जास्त शिकलेला दिसत असेल, तर जुनाच ठेवावा. शेवटी दोन्ही प्रती शेजारी ठेवून नावे, वस्तू आणि माणसे मोजावीत. पक्क्या प्रतीत ती कमी झाली असतील, तर आपण लेख घासला नाही, झिजवला.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझ्यासारख्यांना हा प्रश्न अधिक बोचतो, कारण घरचा प्रत्येक शब्द चुकीचाच असणार, अशी भीती आम्ही बरोबर घेऊन येतो. म्हणून पक्की प्रत झाल्यावर ती घरी वाचून दाखवावी. ऐकणाऱ्याला अक्षर येत नसले तरी चालेल. आपल्याच आळीविषयी चालले आहे, हे त्याला कळले पाहिजे. आणि एखादी गोष्ट चुकली असेल तर मध्येच थांबवून तसे सांगता आले पाहिजे.