कोंड्याचा मांडा

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या रात्री आमच्या घरी ओवाळणीचे तबक बाजूला राहिले आणि पानावर महाभारत झाले. निमित्त होते दुधी भोपळ्याच्या भाजीचे. चार दिवस चकल्या, करंज्या आणि शंकरपाळे खाऊन आमच्या नंदूचे पोट दुखत होते. तो सात वर्षांचा. चार दिवसांत त्याला शौचाला झालेले नव्हते. ‘भाजी खाल्ली असतीस तर ही वेळ आली नसती,’ असे म्हणत मी त्याच्या तोंडाशी घास नेला. त्याने तोंड फिरवले आणि माझा हात उठला. एरवी वर्गात पन्नास मुलांना शब्दांनी गप्प करणारा हा प्राध्यापक एका दुधीच्या फोडीपायी पोराच्या गालावर चार बोटे उमटवून बसला. नंदूने तो घास गिळला आणि पाच मिनिटांनी ओकून टाकला.

वाचकहो, ही हकीकत सांगताना मला आजही लाज वाटते. तरी सांगतो, कारण पुढे जे कळले ते असे, की ती सगळी लढाईच चुकीच्या जागी चालली होती.

दुसऱ्या दिवशी नंदूला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिले आणि मला एक चक्र समजावून दिले. कडक मळाने एकदा दुखले की मूल पुढच्या वेळी शौच रोखून धरते. रोखलेल्या मळातले पाणी आतडे शोषून घेते. मग तो आणखी कडक होतो, आणखी दुखतो, आणि मूल आणखी रोखते. ‘आधी हे साठलेले मोकळे होऊ दे,’ त्या म्हणाल्या. ‘आत्ताच चोथा वाढवलात तर भरलेल्या पिशवीत आणखी भर घातल्यासारखे होईल, पोट फुगेल.’ त्यांनी मळ मऊ करणारे औषध दिले आणि ते मनाने बंद करू नका, असे बजावले. मळात रक्त दिसले, पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, वजन घटू लागले किंवा चड्डी नकळत खराब होऊ लागली, तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब यायचे, हेही सांगितले.

निघताना मी म्हणालो, ‘पण बाई, हा भाजीला शिवत नाही हो!’ त्यावर त्या हसल्या. ‘चोथा भाजीतच असतो, असे तुम्हाला कोणी सांगितले?’

हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. ते काढून बसलो तेव्हा डोळे उघडले. शंभर ग्रॅम पालकात चोथा सुमारे अडीच ग्रॅम. लहान मूल पालक खाणार तो फार तर चाळीस ग्रॅम, म्हणजे हाती लागला एक ग्रॅम. उलट शंभर ग्रॅम न चाळलेल्या कणकेत तो अकरा ग्रॅमहून अधिक, ज्वारी-बाजरीतही दहा-अकरा, पेरूत साडेआठ आणि अख्ख्या हरभऱ्यात तर पंचवीस! मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात मात्र जेमतेम पावणेतीन. ज्या एका ग्रॅमसाठी मी हात उगारला, तो पोळीच्या तिसऱ्या हिश्शात निमूटपणे बसलेला होता.

मुलाला हवा तरी किती? डॉक्टरीणबाईंनी सोपे गणित दिले होते. मुलाच्या वयात पाच मिळवावे. तेवढे ग्रॅम किमान आणि वयात दहा मिळवून येतात तेवढे पुष्कळ. म्हणजे नंदूला बारा ते सतरा. आता त्याच्या दिवसाचा हिशेब पाहा. सकाळी दूध आणि मैद्याची बिस्किटे, अर्धा ग्रॅम. शाळेच्या डब्यात पांढऱ्या पावाच्या दोन चकत्या जॅम लावून, दीड. दुपारी वरण-भात, तीन. संध्याकाळी पुन्हा दूध. रात्री दहीभात आणि अर्धी पोळी, अडीच. एकूण साडेसात! भाजीची पूर्ण वाटी खाल्ली असती तरी हा हिशेब जमला नसता.

शिवाय आमच्या पोळीत एक चोर होता. तो म्हणजे बारीक चाळण. माझी आई गिरणीतून आलेले पीठ दोनदा चाळते, फुलके रेशमासारखे व्हावेत म्हणून, आणि कोंडा गाईला देते. आपल्या भाषेत ‘कोंड्याचा मांडा’ करणाऱ्या गृहिणीचे कौतुक आहे. आम्ही गहू घेऊन मांडा करत होतो आणि कोंडा दारातून बाहेर घालवत होतो.

पहिल्या आठवड्यात एवढेच केले. बारीक चाळणीच्या जागी जाड चाळण आणली आणि पुढच्या आठवड्यात चाळणे सोडले. आईने भाकीत केले होते की पोळ्या चामड्यासारख्या होतील. पहिल्या दिवशी झाल्याही. मग सौभाग्यवतीने पाणी थोडे वाढवले, कणीक सैल भिजवली आणि अर्धा तास झाकून ठेवली. कोंड्याला पाणी पिण्यास वेळ मिळाला आणि पोळी मऊ झाली. नंदूला काही कळलेही नाही.

दुसरा फरक डब्यात. पावाच्या जागी भाजणीचे छोटे थालीपीठ लोण्याच्या गोळ्यासह. ज्वारी, बाजरी, गहू, हरभराडाळ, उडीद, धने यांची ही भाजणी मराठी घराला नवी नाही. चाळीस ग्रॅम भाजणीत चार ग्रॅम चोथा सहज मिळतो. येथे एक चूक मात्र मी केली. थालिपिठात गुपचूप मेथी घातली. नंदूला हिरवे पान दिसले आणि त्याने आठवडाभर थालीपीठच सोडले. आवडता पदार्थ विश्वासावर खाल्ला जातो, तो विश्वास मोडला की पदार्थही जातो. आता काही मिसळायचे असेल तर त्याच्यादेखत मिसळतो.

तिसरा फरक संध्याकाळच्या खाण्यात. बिस्किटांऐवजी एक दिवस अर्धा पेरू तिखटमीठ लावून, दुसऱ्या दिवशी मूठभर भिजवून शिजवलेले हरभरे, वर लिंबू आणि ओले खोबरे. घरात चार वर्षांच्या आतले मूल असेल तर अख्खे हरभरे किंवा शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात. ठेचून द्यावेत.

आता नवा हिशेब असा झाला. सकाळी लहान केळे दीड, थालीपीठ चार, वरण-भात तीन, पेरू किंवा हरभरे चार, रात्री एक पोळी तीन आणि दहीभात एक. सोळाच्या आसपास, आणि यात भाजीचा एक घासही धरलेला नाही. मात्र हे सगळे एकदम केले नाही. आठवड्याला एकच फरक केला, कारण एकाएकी चोथा वाढला की वायू धरतो, पोट दुखते आणि मूल त्या पदार्थालाच दोष देते. पाण्याकडेही पाहावे लागले. नंदूची बाटली शाळेतून भरलेलीच परत येई. कोंडा पाणी धरतो म्हणून मळ मऊ होतो. पाणीच नसेल तर तो काय धरणार? दूधही दिवसाला दोन कपांवर आणले, कारण दुधाने भरलेल्या पोटाला भूक लागत नाही.

राहिली पानावरची लढाई. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची एक वाटणी सुचवली आहे. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे आईबापांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. वाचायला सोपे, पाळायला महाकठीण! ‘एकच घास’ म्हणायचे नाही, ‘खाल्लेस तर बर्फी देईन’ म्हणायचे नाही. लाच दिली की मूल बर्फी थोर आणि भाजी शिक्षा असा धडा शिकते. पानात त्याला आवडणारा एक पदार्थ नेहमी असावा, पंचवीस मिनिटांनी पान उचलावे आणि उचलताना चेहऱ्यावरही काही बोलू नये.

पहिले तीन दिवस नंदूने फक्त दहीभात खाल्ला. चौथ्या दिवशी तोही अर्धा टाकला, आणि मी धास्तावलो. मग उलगडा झाला. जेवणाआधी अर्धा तास आजीच्या खोलीत बिस्किटे मिळत होती. आई म्हणाली, ‘अरे, उपाशी राहील तो. माझा जीव राहत नाही.’ तिला दोष कसा देऊ? तुम्ही द्यायचे ते द्या, पण संध्याकाळच्या वेळेला द्या आणि हरभरे तुमच्याच हाताने द्या, असे सौभाग्यवतीने सुचवले. आजीच्या हातचे हरभरे नंदूने पहिल्याच दिवशी संपवले.

आणखी एक सवय लावली. सकाळी काही खाल्ले की आतडे आपोआप हलू लागते. त्या वेळी त्याला दहा मिनिटे बसवू लागलो, पायांखाली पाट ठेवून, कारण कमोडवर लहान मुलाचे पाय लोंबकळतात आणि जोर करता येत नाही. झाले-न झाले, विचारपूस नाही. उपाय लागू पडला हे ग्रॅमांवरून कळत नाही. मळ मऊ आहे, रोज किंवा दिवसाआड होतो आणि मूल रडत नाही, हीच खूण. आम्हाला ती दिसायला दोन महिने लागले. मग डॉक्टरीणबाईंनी औषध हळूहळू कमी केले.

भाजी मग सोडून द्यावी काय? मुळीच नाही. तिच्यातली जीवनसत्त्वे कोंड्यातून मिळत नाहीत. फरक एवढाच, की आता तिला घाई नाही. नवी चव मुलाला ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळीच हार मानतो. आमच्याकडे भाजी मधल्या भांड्यात असते, ज्याला हवी त्याने घ्यावी.

श्रावणातल्या एका रात्री मी सौभाग्यवतीशी गिरणीच्या वाढलेल्या दराबद्दल बोलत होतो. बोलता बोलता दिसले, की नंदूने भांड्यातली भेंडीची एक काप उचलून तोंडात टाकली. आम्ही दोघांनीही बोलणे थांबवले नाही. त्याने दुसरी उचलली. मेथी तो अजून खात नाही आणि दुधीकडे पाहतही नाही. दुधीबद्दल मी त्याला काही म्हणत नाही. तेवढे माझ्याकडून त्याचे देणे आहे.